'जोडीदारात तुला काय महत्त्वाचं वाटतं?' या प्रश्नाचं उत्तर कसं लिहायचं

डेटिंग ॲपवर पहिल्यांदा प्रोफाइल बनवताना फोटो, शिक्षण, उंची हे सगळं पाच-दहा मिनिटांत भरून होतं. हात अडतो तो एकाच चौकटीत. शब्द ॲपगणिक बदलतात, पण प्रश्न हाच असतो की जोडीदारात तुला काय महत्त्वाचं वाटतं. मग बहुतेक जण तेच चार शब्द लिहून पुढे जातात: प्रामाणिक, विश्वासू, समजूतदार, कुटुंबाला महत्त्व देणारा. सांगली-मिरजेतल्या बऱ्याच भावंडांच्या आणि मैत्रिणींच्या प्रोफाइली लिहायला मी शेजारी बसलेली आहे, आणि सगळ्यात जास्त वेळ याच एका चौकटीवर जातो. तो जायलाही हवा, कारण समोरचा माणूस बोलायला सुरुवात कुठून करणार हे इथेच ठरतं.

या लेखात फक्त या एका उत्तराबद्दल लिहिते आहे. माझ्या मावसबहिणीचं उत्तर आम्ही कसं लिहिलं ते तिच्या परवानगीने सविस्तर सांगते, म्हणजे पायऱ्या नीट कळतील.

आधी चौकट बघून घ्या

हिंज या डेटिंग ॲपवर प्रोफाइलला 3 प्रश्न निवडायचे असतात आणि प्रत्येक उत्तराला 150 अक्षरांची मर्यादा असते. तिथे समोरचा माणूस तुमच्या अख्ख्या प्रोफाइलला नाही, तर एखाद्या फोटोला किंवा एखाद्या उत्तराला लाइक देतो आणि त्याच्याखाली दोन शब्द लिहू शकतो. म्हणजे तुमचं उत्तर ही त्याला बोलायला दिलेली जागा आहे. 'प्रामाणिक, विश्वासू' याच्याखाली कोणी काय लिहिणार? 'मीपण' एवढंच.

मराठीत लिहिणार असाल तर मर्यादेचा हिशेब आधी समजून घ्या. आपण 'प्रामाणिकपणा' हा सहा अक्षरांचा शब्द म्हणतो, पण संगणक काना, वेलांटी, अनुस्वार आणि जोडाक्षरातली खूण वेगवेगळी मोजतो, त्यामुळे तोच शब्द 12 होतो. म्हणून मराठीत 150 म्हणजे साधारण वीस-पंचवीस शब्द, त्याहून जास्त नाही. लिहिताना स्क्रीनवर उरलेल्या अक्षरांचा आकडा दिसत असेल तर त्याच्यावरच भरवसा ठेवा, बोटं मोजू नका.

पहिली पायरी: यादी लिहा, पण कागदावर

यादी मनात आलेलीच असते, ती दाबून ठेवून उपयोग नाही. एका कागदावर उतरवा आणि प्रत्येक शब्दासमोर त्याचा उलटा शब्द लिहा. प्रामाणिकसमोर खोटारडा, विश्वासूसमोर दगाबाज, समजूतदारसमोर हेकट. आता स्वतःला विचारा, खोटारडा जोडीदार हवा असं म्हणणारं कोणी आहे का? नाही. म्हणजे या शब्दाने कोणी निवडलं जात नाही आणि कोणी गळतही नाही. जो खरंच थापा मारतो तोसुद्धा तुमचं 'प्रामाणिक' वाचून आपल्यालाच म्हटलंय असं समजतो.

यादीत काही शब्द मात्र वेगळ्या जातीचे निघतात. निर्व्यसनी, शाकाहारी, पुण्याला राहायला तयार असणारा, मुलं हवी असणारा. यांच्या उलट वागणारी माणसं खरोखर असतात आणि तीही चांगली असतात. हे गुण नाहीत, या अटी आहेत. अटी महत्त्वाच्याच असतात, पण दारू, सिगारेट, मुलं, धर्म यांच्यासाठी ॲपमध्ये वेगळे रकाने दिलेले असतात. तिथे त्या सरळ भरा आणि आपली 150 अक्षरं त्यांच्यावर खर्च करू नका.

मावसबहिणीच्या कागदावर चार शब्द होते. 'कुटुंबाला महत्त्व देणारा' याचा अर्थ तिने आईवडिलांसोबत राहायला तयार असणारा असा सांगितला. ती अट निघाली, म्हणून बाजूला काढली. उरले तीन. त्यातला एकच घ्यायचा. तीन गुण तीन वाक्यांत कोंबले की परत यादीच होते. तिने 'प्रामाणिक' उचलला.

दुसरी पायरी: शब्द सोडा, प्रसंग शोधा

इथे थांबायला लागतं आणि इथेच लोक कंटाळतात. मी तिला विचारलं, "प्रामाणिक म्हणजे कसा गं?"

"खरं बोलणारा की, ताई."

"कोण बोललं होतं खरं? असं की ते तुझ्या अजून लक्षात आहे?"

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने 2019 च्या ऑगस्टमधल्या पुराचं सांगितलं. त्यांचं घर नदीच्या बाजूला आहे. पाणी वाढायला लागलं तेव्हा घरी येणारा प्रत्येक जण 2005 चा दाखला देत होता. तेव्हा पायरीला लागलं नव्हतं, आता काय येतंय, काही होत नाही. फोनवर कोयनेतून किती सोडलं याचे दहा वेगवेगळे आकडे फिरत होते. अशात शेजारचा एक मुलगा आला. त्याने ओळखीतल्या कोणाला तरी फोन करून आयर्विन पुलावरची पातळी विचारून घेतली होती. तो तिच्या वडिलांना म्हणाला, "काका, पाणी धोक्याच्या वर गेलंय आणि अजून चढायलंय. रात्री काय होईल मला माहीत नाही. मी आमचं सामान वर न्यायला लागलोय."

ज्यांना सांगलीचं माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. कृष्णेचं पाणी आम्ही आयर्विन पुलापाशी मोजतो. तिथे 40 फूट ही इशारा पातळी आणि 45 फूट ही धोका पातळी. 2019 ला पाणी 2005 च्याही वर गेलं, त्यामुळे जुना दाखला देणाऱ्यांचे अंदाज साफ चुकले. मावसबहिणीच्या घरच्यांनी त्या मुलाचं ऐकून संध्याकाळीच गहू, गादी, कागदपत्रं माडीवर नेली होती.

प्रसंग विचारताना तीन गोष्टी सांभाळा. प्रसंग घडलेला असावा, 'समजा असं झालं तर' असा नसावा. त्यातलं माणूस प्रियकर किंवा नवरा असायची गरज नाही. शेजारी, आत्या, शाळेतल्या बाई, कोणीही चालेल, उलट ते बरं, कारण जुन्या नात्याची कडवट चव त्यात येत नाही. आणि शक्यतो त्या माणसाला तसं वागून काही मिळणार नव्हतं असा प्रसंग घ्या. 'रोज सकाळी मला चहा करून देणारा' हे गोड वाटतं, पण वाचणाऱ्याला ते कामाची यादी दिल्यासारखं लागतं. माणूस तिसऱ्या कोणाशी कसा वागला हे सांगितलं की त्याच्या स्वभावाबद्दल जास्त कळतं.

काहीच आठवत नसेल तर प्रश्न उलटा विचारा: हा गुण नसल्यामुळे घरात किंवा कामावर शेवटचं डोकं कधी फिरलं होतं? राग लवकर आठवतो. फक्त तो तसाच्या तसा चौकटीत जाऊ देऊ नका, त्याबद्दल पुढे सांगते.

तिसरी पायरी: प्रसंगातली एक कृती उचला

आता त्या मुलाने नेमकं काय केलं ते वेगळं काढायचं. तो खरं बोलला, हे पुरेसं नाही. 2005 चा दाखला देणारेही खोटं बोलत नव्हते, त्यांना तसंच वाटत होतं. या मुलाने आधी विचारून घेतलं, जेवढं कळलं तेवढं सांगितलं, आणि पुढचं माहीत नाही हेही सांगितलं. मावसबहिणीला भावलं ते हे शेवटचं. धीर द्यायला म्हणून अंदाज ठोकला नाही.

तिला हे स्वतःला त्या दिवशी पहिल्यांदा शब्दांत कळलं. ती दवाखान्यात काम करते, पेशंटचे नातेवाईक दिवसभर 'बरं होईल ना?' विचारतात, आणि माहीत नसताना 'होईल' म्हणून मोकळी होणारी माणसं तिला आवडत नाहीत. म्हणजे 'प्रामाणिक' या एका शब्दाच्या पोटात तिच्यासाठी हे होतं: माहीत नसेल तर माहीत नाही म्हणणं. दुसऱ्या कोणाच्या पोटात वेगळं निघेल. माझ्या एका मित्राला प्रामाणिक म्हणजे पैशाचा हिशेब न विचारता दाखवणारी व्यक्ती असं वाटतं. म्हणूनच नुसता शब्द लिहिला की वाचणाऱ्याला तुमचं काही कळत नाही.

कृती सापडली की नाही हे ओळखायची खूण सोपी आहे. ती डोळ्यांनी बघता किंवा कानांनी ऐकता आली पाहिजे. 'समजून घेणारा' बघता येत नाही. 'विचारून घेणारा' बघता येतो.

चौथी पायरी: कच्चं लिहा, मग छाटा

तिचा पहिला कच्चा मजकूर असा झाला: '2019 च्या पुरात आमच्या गल्लीतल्या एका मुलाने पुलावरची पातळी विचारून आम्हाला खरी परिस्थिती सांगितली होती. मी मिरजेच्या हॉस्पिटलमध्ये नाइट करते तेव्हा रोज बघते की लोक उगाच खोटा धीर देतात. मला असा जोडीदार हवा जो कधीच खोटा धीर देणार नाही.'

हा 150 मध्ये बसत नाही हे उघड आहे, पण लांबी सोडून यात आणखी तीन अडचणी होत्या.

एक म्हणजे यातून ती कुठे राहते, कुठे काम करते आणि कधी घरी नसते हे तिन्ही कळतं. सांगली-मिरज एवढंसं, दोन प्रश्न विचारले की ओळख निघते. अनोळखी माणसाच्या हाती हा पत्ता द्यायचा नाही. गल्ली, हॉस्पिटल, ड्युटीची वेळ सगळं गेलं. आयर्विन राहिला तरी चालतो, तो सगळ्या गावाचा आहे.

दुसरी, 'गल्लीतल्या एका मुलाने'. वाचणाऱ्याला वाटणार की हिचं मन अजून त्या मुलावरच आहे. प्रसंगातलं माणूस काढून टाकायचं, त्याची कृती ठेवायची.

तिसरी, 'कधीच खोटा धीर देणार नाही'. 'कधीच', 'नाही', 'नको' हे शब्द आले की वाक्याला तक्रारीचा सूर लागतो. 'खोटं बोलणाऱ्यांनी लांब राहावं' लिहिणाऱ्या मुली आणि 'फक्त टाइमपास करणाऱ्यांनी मेसेज करू नये' लिहिणारी मुलं बहुतेक वेळा दुखावलेली असतात, आणि ते दुखणं खरं असतं. पण ते वाचून बिचकतो तो सरळ माणूस. ज्याला थापाच मारायच्या आहेत त्याला अशा पाटीचा काही फरक पडत नाही. म्हणून काय नको ते उलटवून काय हवं ते लिहायचं.

पाचवी पायरी: स्वतःची बाजू घाला

नुसतं 'मला असा हवा' लिहिलं की वाचणारा परीक्षेला बसल्यासारखा होतो. उत्तराचा शेवटचा चौथा हिस्सा स्वतःसाठी ठेवा: तो तसा वागला तर तुम्ही काय करत असाल? नात्यात दोघं आहेत हे तिथून दिसतं. मी तिला विचारलं, पातळी विचारून येणारा आला, तोवर तू काय केलेलं असशील? ती पटकन म्हणाली, "मी सामान वर ठेवलेलं असंल!" ते तसंच घेतलं.

शेवटचं उत्तर हे झालं:

'पूर आला की 'काही होत नाही' न म्हणता आयर्विनची पातळी विचारून घेणारा. माहीत नसलं तर 'माहीत नाही' म्हणणारा. मी सामान आधीच वर ठेवलेलं असेल.'

मधल्या मोकळ्या जागा आणि विरामचिन्हं धरून हे 135 होतं. यात प्रामाणिक हा शब्द नाही, पण तो वाचणाऱ्याच्या मनात येतो. ती सांगलीची आहे हे कळतं, घर कुठलं ते कळत नाही. आणि यावर बोलायला निदान तीन जागा आहेत: पूर, पूल, सामान.

एक गोष्ट तिला मी विचारून घेतली, ती तुम्हीही स्वतःला विचारा. पूर हा बऱ्याच घरांसाठी जखमेचा विषय आहे. ज्यांचं घर गेलं, जनावरं गेली, त्यांना 'सामान वर ठेवलं' एवढ्यावर भागवलेलं रुचेल का? तिच्या स्वतःच्या घरात पाणी आलेलं होतं, त्यामुळे तिला त्यावर बोलायचा हक्क आहे आणि पुढचं बोलणं निघालं तर ती ते नीट सांगू शकते. ज्याने पूर फक्त फोनवर पाहिला त्याने तो उत्तरात वापरू नये. प्रसंग आपलाच असावा असं मी म्हणते ते यासाठीसुद्धा.

दुसऱ्याचं उत्तर, थोडक्यात

मार्केट यार्डाजवळ दुकान असलेल्या एका मित्राने 'विश्वासू' निवडला होता. त्याचा प्रसंग चहाच्या टपरीवरचा निघाला. तिथे जो उठून जाईल त्याच्याबद्दल मागे बोलायला सुरुवात होते, आणि त्याला ते सोसत नाही. त्याचं उत्तर असं झालं: 'कोणी उठून गेल्यावर त्याच्याबद्दल तेवढंच बोलणारी, जेवढं तो समोर असताना बोलली असती. चहाच्या टपरीवर मी त्यासाठीच गप्प असतो.' हेही मर्यादेत बसतं. पहिल्या मसुद्यात त्याने मित्रांची टोपणनावं घातली होती, ती अर्थातच काढली.

उत्तर चाललं की नाही कसं ओळखायचं

किती लाइक आले यावरून काही ठरवू नका, ते फोटोवरही येतात. उत्तराखाली लोक काय लिहितात ते बघा. नुसतं 'हाय' किंवा 'छान' येत असेल तर उत्तरात धरायला जागा नाही, तिसऱ्या पायरीवर परत जा. लोक बोलतात पण भलत्याच गोष्टीवर बोलतात असं झालं तर ती भलती गोष्ट उत्तरात मोठी झालेली असते. मावसबहिणीला सुरुवातीला दोघांनी फक्त 'तुमच्याकडे किती पाणी आलं होतं?' असं विचारलं. ते चालेल, कारण पुढच्या मेसेजमध्ये 'माहीत नाही'वर येता येतं. पण सगळेच पुरातच अडकले असते तर आम्ही 'पूर आला की' काढून दुसरा प्रसंग घेतला असता.

ज्याच्याशी तिचं पुढे बोलणं वाढलं त्याने लिहिलं होतं, 'मी कोल्हापूरचा, आम्ही राजाराम बंधाऱ्याची पातळी बघतो. पण खरं सांगतो, 2019 ला मीपण काही होत नाही म्हणणाऱ्यांतलाच होतो.' नुसत्या 'प्रामाणिक'वर असं उत्तर आलं नसतं. त्याने तिला हवी असलेली गोष्ट पहिल्याच मेसेजमध्ये करून दाखवली होती.

बदल करायचा झाला तर तिन्ही उत्तरं एकदम बदलू नका, नाहीतर कशामुळे काय झालं ते कळणार नाही. एक बदला, काही दिवस राहू द्या, मग दुसरं.

या पद्धतीची एक मर्यादा आहे तीही सांगते. नेमकं लिहिलं की येणारे कमी होतात. ज्यांना ते उत्तर भिडत नाही ते पुढे जातात. गर्दीच हवी असेल तर यादीच बरी. आणि अशा उत्तराने माणसाची पारख होत नाही. कोणीही वाचून 'मीपण असाच' म्हणू शकतो. त्याची कृती बघायला भेटायलाच लागतं, आणि पहिली भेट चार माणसांच्या वर्दळीत, दिवसाउजेडी, घरात कोणाला तरी सांगून ठरवा.

बायोडेटातला 'अपेक्षा' रकाना आणि कांदेपोहे

बऱ्याच घरांत ॲपच्या जोडीने बायोडेटाही फिरत असतो. त्यातला 'अपेक्षा' रकाना तुमच्या आधी मामा, आत्या आणि समोरच्यांचे वडील वाचतात, आणि तो वधू-वर ग्रुपवर कुठेही पोहोचतो. तिथे 'सामान वर ठेवलेलं असेल' हे कोणाला कळणार नाही. तिथे आधी अटी सरळ लिहा: शिक्षण, नोकरीचं ठिकाण, निर्व्यसनी. मग एकच वाक्य कृतीचं घाला. मावसबहिणीच्या बायोडेटात ते असं आहे: 'अडचणीच्या वेळी अंदाजाने न बोलता चौकशी करून निर्णय घेणारा.' तिचे वडील आधी 'सुसंस्कृत, मनमिळाऊ' घाला म्हणत होते. मी त्यांना म्हटलं, "काका, ग्रुपवरच्या प्रत्येक बायोडेटात हेच आहे, तुम्हीच सांगा, वाचून कोण कोणाचं ते लक्षात राहतं का?" त्यांनी फोन उघडून ग्रुप वर-खाली केला आणि ते वाक्य राहू दिलं.

बघायच्या कार्यक्रमात 'तुला कसा मुलगा हवा?' असं कोणी विचारलं तर तिथे अक्षरांची मर्यादा नाही, पण सगळे तोंडाकडे बघत असतात. अशा वेळी कृती सांगत बसू नका, प्रसंगच सांगा, चार वाक्यांत. गोष्ट सांगताना जीभ अडखळत नाही. मग मुलाकडे वळून त्यालाच विचारा, "तुमच्याकडे पुराच्या वेळी तुम्ही काय केलं होतं?" तो काय सांगतो ते ऐका. त्याला एखादी गोष्ट आठवत नसेल तर तो 'आठवत नाही' म्हणतो की काहीतरी जुळवून सांगतो, हेही तिथेच कळतं.